जिन्यातले सहा ठिपके

लाइनमनकाकांची पस्तीस वर्षं टेलिफोनच्या खांबांवर चढण्यात गेली. जी गोष्ट तारेतून येत नाही तिच्यावर या गृहस्थांचा काडीचा विश्वास नाही. आणि नेमकं काकूंचं बटणच निघालं बिनतारी!

झालं असं, की महिन्यापूर्वी काकू न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. काका बाजारात गेले होते. तासभर ओल्या फरशीवर पडून हाका मारता मारता काकूंचा घसा बसला. ते ऐकून परगावच्या लेकीने मनगटावर बांधायचं बटण पाठवलं. दाबलं की ते घरच्या वायफायवरून निरोप धाडतं आणि लेकीचा फोन वाजतो. स्वयंपाकघरात दाबलं, वाजला. न्हाणीघरात दाबलं, तर ढिम्म! त्या दिवसापासून काकूंनी आंघोळीचं पाणी काढलं तरी पाय उंबरठ्यावरच अडायचे.

"बाबा, उगाच इकडचं तिकडे करत बसू नका," लेक फोनवर म्हणाली. "एक फुकट अॅप आहे, त्यात घराचा नकाशा बनवा. सिग्नल कुठे पोचतो, कुठे मरतो, सगळं दिसेल. मग काय हलवायचं ते ठरवा."

काकांना तेवढंच हवं होतं. टेप घेऊन त्यांनी खोल्या मोजल्या, दोन्ही मजल्यांचे आराखडे कागदावर काढले, त्यांचे फोटो अॅपमध्ये घातले, एका भिंतीची खरी लांबी भरली. मग फोन धरून घरभर हिंडले. उभं राहायचं, नकाशावर आपण असू तिथे बोट टेकवायचं, सिग्नलचा आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. "जिथे पाय थांबला तिथे नोंद," हा त्यांचा नोकरीतला शिरस्ता, तो इथेही पाळला.

तासाभराने नकाशावर घर रंगलं. राउटर होता वरच्या मजल्यावर, लेकीच्या जुन्या खोलीत. तिथे हिरवंगार, उणे चाळीस. खाली मागच्या न्हाणीघरात लालभडक, उणे अठ्ठ्याऐंशी. मधे एक छत, लोखंडी कपाट आणि दोन भिंती.

"शून्याच्या जितकं जवळ तितकं बरं," काकांनी समजावलं. "उणे अठ्ठ्याऐंशी म्हणजे नसल्यातच जमा."

काकूंनी मनगटावरच्या बटणाकडे पाहिलं. म्हणजे पुन्हा पडले असते तर बटण दाबत बसले असते आणि कुणाला पत्ता नसता!

काकांनी मात्र बाह्या सरसावल्या. वरून तार ओढून राउटर खालच्या बोळात, कपाटाच्या न्हाणीघराकडच्या बाजूला, उंचावर ठोकला. न्हाणीघराचं दार लावून आत पुन्हा मोजलं. उणे अठ्ठावन्न. "फोनला पोचलं म्हणून बटणाला पोचेलच असं नाही," म्हणत त्यांनी बंद दाराआड बटणही दाबलं. लेकीचा फोन वाजला. काकूंच्या जिवात जीव आला.

"बघू तो पहिला नकाशा," त्या कौतुकाने म्हणाल्या. फोन हातात घेतला. प्रत्येक खोलीत दोन-तीन ठिपके, जिथे काका उभे राहिले होते तिथे. आणि जिन्यात? त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजले. बारा पायऱ्यांच्या जिन्यात सहा.

"अहो, इथे इतक्यांदा का थांबलात?"

"सवय गं. बारीक काम करायची."

"माजघर जिन्याच्या तिप्पट आहे. तिथे तीनच?"

काका खिळे गोळा करायला लागले. ते उत्तर टाळायला लागले की हाताला काहीतरी काम शोधतात, हे काकूंना चाळीस वर्षं ठाऊक होतं. इतके दिवस आपण आपल्याच पडण्याची धास्ती घेऊन बसलो, आणि हा माणूस?

"एकदा वर जाऊन या. माझ्याशी बोलत बोलत जा."

"काहीतरीच तुझं! काय बोलू?"

"काहीही. मला नावं ठेवा."

काका हसले आणि निघाले. "तू म्हणजे हट्टी. लग्नाच्या दिवशीसुद्धा..." तिसरी पायरी. "...म्हणालीस की मी..." चौथी. पुढचा शब्द आलाच नाही. काकांनी कठडा धरला, दुसरा हात छातीशी नेला आणि ते हळूच पायरीवर टेकले. ओठ पांढरे पडले होते.

"कधीपासून?" काकूंनी विचारलं.

"दोन... आठवडे. होतं बरं बसलं की. तू आधीच घाबरलेली, त्यात माझं कुठे..."

काकूंनी पुढचं ऐकलं नाही. मनगटावरचं बटण दाबलं, एकदा नाही, तीनदा.

"अगं, तिला कशाला!" काका पुटपुटले.

दुसऱ्या मिनिटाला लेकीचा फोन आला. "आई! पडलीस का? कुठे लागलं?"

"मी धड उभी आहे," काकू म्हणाल्या. "तुझे बाबा जिन्यात बसलेत. छाती धरून. आधी अँब्युलन्स पाठव, मग बोल."