अस्मानी-सुलतानीचं कलम

दमयंतीबाई बोरगाव्यांचं नाव निघालं की सांगलीच्या कोर्टाच्या आवारातली माणसं अजूनही "लई हुशार बाई" म्हणतात आणि लगेच चहा मागवतात. मला त्या "लई हुशार"चा संताप येतो. हुशारीचं काय लोणचं घालायचं होतं? मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकत बसायचो. पुढं मुद्रांक संगणकावर गेले आणि मी अर्ज लिहून देऊ लागलो, पण टेबल तेच राहिलं. त्यामुळं जे झालं ते मी जवळून पाहिलंय.

बाई मूळच्या अथणीकडच्या. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेल्या. विनाअनुदानित शाळेत अनुदान येईल येईल म्हणत कित्येक वर्षं शिकवलं, अनुदान काही आलं नाही, मग एक दिवस आमच्या पत्र्याखाली टेबल मांडून बसल्या. काम एकच. वकील भाडेकरार इंग्रजीत करायचे, बाई त्याचा मराठी दस्त करून द्यायच्या. भाडेकरू म्हणजे सलूनवाला, मोबाईल दुरुस्त करणारा, शिवणकाम करणारी बाई. त्यांना इंग्रजी कुठलं वाचता येतंय?

आमच्याकडं असे अनुवाद करणारे आणखी दोघं होते. ते 'इन्डेम्निटी' दिसलं की कोशातला 'क्षतिपूर्ती' ठेवून मोकळे व्हायचे. बाईंना ते पटायचं नाही. त्या म्हणायच्या, "खाडेभाऊ, आपल्या आजोबांच्या खरेदीखतात काय लिहिलंय? 'सदर व्यवहारामुळे आपणास कोणतीही तोशीस लागू देणार नाही, लागल्यास ती मी स्वतः भरून देईन.' ही इन्डेम्निटीच झाली. शंभर वर्षं आपण लिहीत आलो आणि आता म्हणे मराठीत शब्द नाही." फोर्स मेजर, म्हणजे माणसाच्या हाताबाहेरच्या आपत्तीचं कलम, त्याचंही तेच. त्या लिहायच्या 'अस्मानी-सुलतानी'. अस्मानी म्हणजे पूर, भूकंप, वीज. सुलतानी म्हणजे दंगल, संचारबंदी, सरकारी टाळं. एका जोडशब्दात अख्खं कलम बसायचं आणि सलूनवाल्यालासुद्धा विचारावं लागायचं नाही.

पण नुसता शब्द टाकून त्या थांबायच्या नाहीत. तोशीस कुणामुळं लागली तर भरायची, हे स्पष्ट लिहायच्या: 'माझ्या किंवा माझ्या माणसांच्या हलगर्जीमुळे.' आणि अस्मानी-सुलतानी आली तर पुढं काय, हेही लिहायच्या: 'जागा वापरता येणार नाही तेवढ्या काळाचं भाडं लागू होणार नाही.' कारण नुसती आपत्ती आली म्हणून भाडं आपोआप माफ होत नाही. करारात असेल तर होतं. हे त्या प्रत्येकाला बजावून सांगायच्या, अगदी वर्गात सांगावं तसं.

बाईंचं अर्धं काम शिरगुप्पे वकिलांकडून यायचं. वकील गोड माणूस. आवाज कधी चढवायचा नाही. 'अस्मानी-सुलतानी' वाचून मात्र हसायचा. "बाई, हा भाडेकरार आहे का बखर? अफजलखान येणार आहे का भाड्यानं राहायला?" सगळे हसायचे, बाईही हसायच्या. पण वकील शब्द तसाच राहू द्यायचा, कारण भाडेकरू भांडत नव्हते आणि मालकांना फरक पडत नव्हता.

मग महापुराच्या पुढच्या वर्षी बाईंनी स्वतःसाठी गाळा घ्यायचं ठरवलं. आमच्या पत्र्याखाली पावसात कागद भिजायचे. घरी आई अंथरुणाला खिळलेली, तिथं टेबल मांडायला जागा नाही. नदीकडच्या पेठेत मगदूम अण्णांचा तळमजल्यावरचा एक गाळा रिकामा होता. आत भिंतीवर पुराच्या पाण्याची तपकिरी रेघ माझ्या डोक्याच्या वर होती आणि अण्णांनी त्यावर नुकताच रंग मारला होता. बाईंनी गाठीला होतं ते सगळं अनामत म्हणून दिलं. "दमयंती बोरगावे, भाषांतर व दस्तलेखन" अशी पाटीही रंगवायला टाकली. इतक्या खुशीत त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं.

अण्णांचा वकील अर्थातच शिरगुप्पे. बाईंनी स्वतःच्या कराराचा मसुदा स्वतः करून त्यांच्याकडं पाठवला. परत आला तेव्हा दोन कलमं बदललेली होती. त्या कागद घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"वाचा."

मी वाचलं. 'अस्मानी-सुलतानी'च्या जागी 'अकल्पित व अपरिहार्य घटना' आलं होतं. आणि तोशिशीच्या कलमातून 'माझ्या हलगर्जीमुळे' गेलं होतं, तिथं 'कोणत्याही कारणाने' बसलं होतं.

"मग?" मी म्हटलं. "अकल्पित म्हणजे पूर आलाच की त्यात."

"कसा येईल? गेल्या वर्षीच माळ्यापर्यंत पाणी होतं. ज्या गाळ्यात पुराची रेघ आहे तिथं पूर अकल्पित कसा म्हणायचा? कुणीही म्हणेल, तुम्हाला माहीत होतं, तरी घेतलात. आणि 'कोणत्याही कारणाने' म्हणजे पुरानं भिंत पडली तरी मीच बांधून द्यायची."

"मग सही करू नका."

बाई कागदाची घडी घालत उभ्या राहिल्या. मला वाटलं, विचार करतायत. विचार नव्हता, हिशेब होता.

दुसऱ्या दिवशी नोंदणीचा माणूस अंगठ्याचं यंत्र आणि कॅमेरा घेऊन गाळ्यातच आला. अण्णा होते, शिरगुप्पे होते, साक्षीदार म्हणून मी होतो. बाईंनी विषय काढला.

"साहेब, अकल्पितच्या ऐवजी पूर असा शब्द घालूया. एवढाच."

"बाई, आमचा कायमचा नमुना आहे हा. अण्णांच्या सगळ्या गाळ्यांना हाच लावलाय आता. तुमच्यासाठी वेगळा केला तर बाकीचे काय म्हणतील?"

अण्णांनी तर छातीवर हात ठेवला. "बाई, पूर आला तर मी तुमच्याकडनं भाडं मागणार व्हय? माणुसकी आहे का न्हाई? लेकीसारख्या हायसा तुम्ही."

"मग लिहूया की अण्णा तसं."

"लिहायचं कशाला? शब्द दिलाय न्हवं?"

शिरगुप्पे हसून म्हणाले, "तुमचा आमच्यावर भरवसा नसेल तर राहू द्या. आम्ही कामं दुसऱ्याकडं देऊ, तुम्ही गाळा दुसऱ्याकडं बघा." थट्टाच होती. सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी अंगठा यंत्रावर ठेवला, आणि दस्ताच्या शेवटी स्वतःच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'वाचून पाहिले, समजले, मान्य आहे.' आमच्याकडं हे हातानं लिहून घ्यायची पद्धत आहे. ती पद्धत शिरगुप्प्यांच्या ऑफिसात बाईंनीच घालून दिली होती, गरीब भाडेकरूनं न वाचता सही करू नये म्हणून.

पुढच्या जुलैत कृष्णा आलीच. गाळ्याचं शटर वाकलं, मागची भिंत बसली, वायरिंग जळलं. बाईंचा संगणक, छपाईयंत्र, कोश सगळं चिखलात. गाळा गणपतीपर्यंत उघडता आला नाही. अण्णांनी माणुसकीनं चौकशी केली, दोन वेळा जेवणही पाठवलं. मग नोटीस आली. बंद काळाचं भाडं, भिंत, शटर, वायरिंग, सगळं अनामतीतून वळतं. अनामत पुरली नाही. नोटीस शिरगुप्प्यांचीच होती, आणि सुरुवातीला 'सप्रेम नमस्कार' होता.

प्रकरण लोकअदालतीत गेलं. तिथं निकाल लावत नाहीत, तडजोड करून देतात. आदल्या दिवशी मी बाईंना म्हटलं, "उद्या सांगा की बदललेला मसुदा मला वाचायला दिलाच नाही. घाईत अंगठा घेतला, शेवटची ओळ नेहमीच्या सवयीनं लिहिली. मी साक्षीदार आहे, मी पण तेच सांगतो. न समजता घेतलेली सही आहे म्हटलं की त्यांना नमतं घ्यावं लागेल."

"भाऊ, खोटं बोलायचं?"

"ते कुठं खरं बोलले?"

"आणि उद्या माझ्याकडं कोण येईल? आपण काय केलंय ते आपल्यालाच समजत नाही असं म्हणणाऱ्या बाईकडं?"

मी चिडलो. "तुमच्याकडं कुणी यायला तुम्ही राहायला पाहिजे की!"

निवृत्त न्यायाधीश बसले होते. भला म्हातारा. त्यांनी अण्णांना विचारलं, "तुम्ही तोंडी कबूल केलं होतं म्हणे?" अण्णा छताकडं बघत म्हणाले, "साहेब, पूर येईल असं कोण धरून चालतंय?" मला वाटलं, सापडला! हेच तर अकल्पित! मी बाईंना कोपरानं ढोसलं. पण शिरगुप्पे मधाळ आवाजात म्हणाले, "साहेब, लिहिलेल्या कराराच्या विरुद्ध तोंडी बोलणं चालत नाही. आणि बाई साध्या भाडेकरू नाहीत. आवारातले निम्मे करार त्यांनी मराठीत केलेत. त्यांनाच विचारा."

न्यायाधीश बाईंकडं वळले. "बाई, या शब्दात पूर येत नाही, हे तुम्हाला सही करताना माहीत होतं?"

मी त्यांच्याकडं बघत होतो. एक 'नाही' म्हटलं असतं तर निदान अर्धी अनामत परत आली असती. आईच्या औषधाला झाली असती. निम्मं आवार रोज खोटं बोलून पोट भरतं, हिला एकदाच बोलायचं होतं.

"माहीत होतं," बाई म्हणाल्या. "मी हरकत घेतली होती. त्यांनी ऐकली नाही. मी तरी सही केली."

"का केली?"

"कामं त्यांच्याकडनं येतात."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. "हे कारण कायद्यात बसत नाही हो बाई," ते हळूच म्हणाले. त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसत होतं. वाईट वाटून घेण्यापलीकडं त्यांच्या हातात काही नव्हतं.

अण्णांनी मोठेपणानं वरची रक्कम सोडली. अनामत गेली, गाळा गेला. तडजोडीचा मजकूर मराठीत लिहायचा होता आणि लिपिक जेवायला गेला होता. शिरगुप्पे म्हणाले, "थांबायला कशाला पाहिजे? बाई आहेतच की."

बाईंनी पर्समधून पेन काढलं. अनामतीवर आपला कोणताही हक्क राहिला नाही, पुढं त्याबाबत कुठलीही मागणी करणार नाही, गाळ्याचा ताबा राजीखुशीनं देत आहे. एकही शब्द खोडला नाही. अण्णांनी कागद हातात घेऊन वाचला आणि सगळ्यांना दाखवला.

"बघा," ते म्हणाले, "किती सोपं लिहिलंय. शेंबड्या पोरालासुद्धा कळंल."