भरा, पण जिंकू नका

लातुरात जीवशास्त्र शिकवते मी. धडे समजावताना येत नाही एवढा राग मला डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेचे अर्ज भरताना येतो. त्या वर्षी नेटकॅफेत एका निलंग्याच्या बापाशी माझी जुंपली. पोरगी दहावीपर्यंत मराठीत शिकलेली, आणि हा म्हणतो, "पेपरची भाषा इंग्रजी टाका. डॉक्टर काय मराठीत होतेत व्हय?"

"अहो, इंग्रजी टाकलं तर नुसतं इंग्रजी मिळतं. मराठी टाकलं तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही छापून येतं."

"एकावर एक फुकट?" तो एकदम खुशीत आला. "मग टाका की मराठी!"

परीक्षा झाली, उत्तरतालिका आली, आणि हा तणतणत थेट वर्गात. मागे पोरगी, हातात प्रश्नपत्रिका. "लई मोठा घोळ हाय, मॅडम! इंग्रजीत 'चुकीची जोडी कोणती' अन् मराठीत 'बरोबर जोडी कोणती'. माझ्या लेकराचं वाटोळं करायलेत हे लोक!"

मी पत्रिका बघितली. खरंच होतं. माझंही डोकं फिरलं.

"बाबा, माझं उत्तर बरोबरच आहे," पोरगी म्हणाली. "मराठी वाचलं तर तीन जोड्या बरोबर निघाल्या. मग इंग्रजी बघितलं."

बाप गपकन खाली बसला. "आधी सांगायचं न्हाई का, बाई? चला मग घरी."

"पण हरकत घ्यायचीय. माझ्या रूममेटनं नुसतं मराठी वाचलं. तिचे चार गुण गेले, वर एक कापला. रडून गावी बिलोलीला गेलीय, फोन बंद. उद्या मुदत संपतीय."

मी नियम सांगितला. दोन भाषांत फरक पडला तर इंग्रजीच अंतिम, आणि हरकतीचे पैसे परत मिळत नाहीत. चुकून हरकत मान्य झाली आणि प्रश्न रद्द झाला, तर सगळ्यांनाच चार गुण.

"सगळ्यांना?" बाप ताडकन उठला. "म्हणजे हिनं कमावलेले चार गावभर वाटायचे? इंग्रजीच अंतिम! लई चांगला नियम हाय!"

पोरगी बापाकडे बघत राहिली. "तिला येत होतं, बाबा. मीच तिच्याकडून तो धडा शिकले."

मी उगाच फळा पुसला. बापानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. पोरगी माझ्या लॅपटॉपवर लॉगिन करून बसली आणि पैसे भरायच्या पानावर येऊन थांबली. शेवटी त्यानंच खिशातून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला.

"भरा, मॅडम," तो म्हणाला. "फक्त जिंकू नका."