वीस टक्के कोण म्हणालं

प्रतिभा काठे निकालांच्या हंगामात माणसांशी फार बोलायची नाही. दिवसभर कंपन्यांचे साहेब तिच्या डोळ्यांपुढे बोलत असायचे, तेवढं पुरे व्हायचं.

द्वारका चौकात एका ट्रान्सपोर्टवाल्याच्या वर तिचं ऑफिस होतं. कंपनीचा तिमाही निकाल लागला की त्या कंपनीचे साहेब फोनवर शेअर बाजारातल्या विश्लेषकांशी बोलतात. ते सगळं संभाषण टाइप होऊन मुंबईच्या ब्रोकरकडून इथं ईमेलनं यायचं. प्रतिभानं त्या वीसेक पानांचं एक पान करायचं. कंपनी काय सांगते, पुढचा अंदाज काय देते आणि विश्लेषकांना कशाची धास्ती आहे, असे त्याचे तीन भाग. मखमलाबादच्या माळ्याची ही पोर लहानपणी झेंडू निवडायची, तशीच वाक्यं निवडायची. साहेबांची फुशारकी एकीकडे, शब्द दिलेला आकडा दुसरीकडे.

दोन हजार सातच्या त्या उन्हाळी हंगामात तिच्या नावावर एक चूक आधीच लागलेली होती. दुसरी लागली की माणूस कमी, असा मुंबईचा नियम. नवरा ज्ञानेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामावर. काम कधी असायचं, कधी नसायचं. घर तिच्याच पगारावर चालत होतं.

पंप बनवणाऱ्या एका कंपनीचं पान तिनं सकाळी मुंबईला धाडलं होतं. दुपारी शेजारच्या टेबलावरचा राजू गावित, पेठकडचा गडी, कंपन्यांची तुलना करायला तेच संभाषण घेऊन बसला.

"ताई, या पंपवाल्यानं वीस टक्के वाढीचा शब्द कुठं दिलाय हो? मला तर गावंना."

"हाय ना. मागच्या पानांत बघ. तो म्युच्युअल फंडवाला म्हणतो, तुम्ही वीस टक्के म्हणालात, मग त्याला कारखाना पुरंल का."

"ते फंडवाला म्हणतो. साहेब कुठं म्हणतो?"

प्रतिभानं चष्मा वर केला. मग पानं उलटी चाळत गेली. आधी एका विश्लेषकानं विचारलं होतं, वीस टक्के वाढ धरायला हरकत नाही ना? साहेब म्हणाले होते, हातातल्या ऑर्डरी बघा, गणित तुमचं तुम्ही करा. बस्स. पुढं त्या फंडवाल्यानं तोच आकडा साहेबांच्या तोंडी घातला, साहेबांनी तो खोडला नाही, आणि थकलेल्या प्रतिभानं तो अंदाजाच्या भागात नेऊन बसवला.

"कोंबडी त्याची, अंडं याच्या नावावर," राजू म्हणाला. ती हसली नाही, पानं घेऊन उठली.

ऑफिस चालवणारा समर्थ तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. त्यानं ऐकून घेतलं आणि खुर्ची मागं सरकवली.

"काकू, साहेबांनी 'नाही' तर म्हटलं नाही ना? मग राहू द्या. कंपनी करेलही वीस टक्के."

"केली तरी शब्द दिला नव्हता, समर्थ. वर पंपाला लागणाऱ्या तांब्याचा भाव चढलाय, नफा टिकंल का, म्हणून तिघांनी खोदून विचारलं, त्याला साहेब 'बघू' म्हणाले. आपल्या पानावर वीस टक्के दिसल्यावर ती धास्ती कोण वाचतंय?"

"आणि दुरुस्ती पाठवली की तुमच्या नावावर काय लागेल, माहितीये ना?"

"ते काय मला सांगतो. पण लय दमले रे मी. हे पान उशाला घेऊन झोपायचं नाय मला."

दुरुस्तीचा मेल तिनं स्वतः लिहिला. अंदाजातून वीस टक्के काढले. तिथं लिहिलं, 'वाढीचा आकडा दिला नाही'. विश्लेषकांच्या भागात घातलं, 'वीस टक्के हा विचारणाऱ्यांचा आकडा. व्यवस्थापनानं दुजोरा दिला नाही, खोडलाही नाही.'

संध्याकाळी मुंबईच्या ब्रोकरकडच्या तृप्ती मॅडमचा फोन आला. तिच्या पानावरून बनलेला अहवाल अजून ग्राहकांकडे गेला नव्हता, तो दुरुस्त झाला होता.

"बरं झालं कळवलंत, प्रतिभाताई. पण चूक नोंदवावी लागणार. माझ्या हातात नाही ते."

"ठाऊक होतं, मॅडम."

"एक मात्र करा. हंगाम संपेपर्यंत या. अजून पुष्कळ कंपन्यांचं यायचंय, आणि इतक्यात माणूस कुठून आणू?"

प्रतिभानं फोन ठेवला. समर्थ दारात उभा होता. तिच्या तोंडावरूनच त्याला कळलं असावं.

"काढलं, पण हंगाम संपेपर्यंत बोलावलंय," ती म्हणाली. "नोकरीला नको आणि कामाला पाहिजे."

"घरी जा काकू आज."

"घरी जाऊन ज्ञानेशला सांगायचंच हाय. घटकाभरानं सांगते."

एका सिमेंट कंपनीचं संभाषण येऊन पडलं होतं. तिनं सुरुवातीची साहेबांची भाषणबाजी ओलांडली आणि थेट प्रश्नोत्तरं उघडली. पहिलाच आकडा आला. तिनं बोट ठेवलं, वर सरकून बोलणाऱ्याचं नाव वाचलं, आणि मगच तो लिहून घेतला.