एका वायरची चार नावं

सर्व संबंधितांना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, भिलाईजवळच्या हथखोजच्या एका फाउंड्रीत, जिथे लोखंड वितळवून साच्यांत ओततात, तिथे एकाच दिवशी चार क्रेन बिघडल्या. बिघडलेल्या क्रेनची नावं: ईओटी क्रेन, ओव्हरहेड क्रेन, दोन नंबरची क्रेन आणि उत्थापक यंत्र. वाचकांनी घाबरून जाऊ नये. आमच्या शेडमध्ये क्रेन मुळात दोनच आहेत, आणि त्यांतली एक त्या दिवशी ठणठणीत होती.

हा चमत्कार अपघाताच्या अहवालात घडला. तो अहवाल चार जणांनी लिहिला होता आणि एकसारखा करायचं काम माझ्याकडे आलं होतं. मी क्वालिटी विभागात कागदपत्रं सांभाळते. ऑफिसात माझी ख्याती अशी की, ‘मॅडमची हिंदी चांगली आहे.’ भिलाईत वाढलेल्या मराठी बाईची हिंदी चांगली असणारच, त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पण या एका कौतुकापायी आजवर किती लोकांची वाक्यं मी धुऊन, पिळून, वाळत घातली आहेत, त्याचा हिशोब चित्रगुप्तानेच ठेवावा.

अपघात असा झाला. क्रेनचा हुक वर जात राहिला, थांबलाच नाही. वर दोर गुंडाळणाऱ्या ड्रमला जाऊन आदळला, दोर तुटला आणि हुक खाली रिकाम्या मोल्ड बॉक्सवर, म्हणजे साच्याच्या पेटीवर, येऊन पडला. कुणाला खरचटलंही नाही. हुक ठराविक उंचीवर गेला की आपोआप थांबावा म्हणून एक लिमिट स्विच असतो. तपासणीत दिसलं की क्रेनच्या विजेच्या पॅनलमध्ये त्या स्विचवर आडवी वायर टाकून तो निकामी केलेला होता. मालकांनी त्या चौघांची चौकशी समिती बसवली, आणि अहवाल येईपर्यंत क्रेन ऑपरेटरला घरी बसवलं.

हा ऑपरेटर कुम्हारीहून मोटरसायकलवर यायचा. माझ्यासारखाच, बापाच्या पिढीत भंडाऱ्याकडून इकडे आलेल्या घरातला. त्याला आता गेटच्या आत यायची मनाई होती, म्हणून तो गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहायचा. मी दिसले की ग्लास खाली ठेवायचा.

“ताई, रिपोर्टमंदी काय लिहून राहिले?”

“अजून काही नाही रे. भाषा सुधारतेय.”

“भाषाच सुधारून राहिले का अजून? मले वाटलं क्रेन सुधारून राहिले.” तो हसायचा, पण चहा मात्र तसाच राहायचा. “ताई, मी त्या पॅनलले हातबी नाही लावला. मले तं खालून बटन दाबाचं असते. हे कोणी लिहीन का नाही?”

कोणी लिहिलं होतं का, हे पाहायला मी पुन्हा अहवाल उघडला, आणि पुन्हा कपाळाला हात लावला.

सुरक्षा अधिकाऱ्यांच्या भागात जगातली कुठलीच गोष्ट कुणी करत नव्हतं. सगळं आपोआप ‘पाया गया’. ‘लिमिट स्विच बायपास अवस्था में पाया गया.’ जणू तो रात्री पावसात भिजलेल्या मांजराच्या पिलासारखा दारात सापडला होता. इलेक्ट्रिकल इंजिनियरच्या भागात वाक्यंच नव्हती. ‘टेम्पररी अरेंजमेंट. पैनल में. रिक्वायरमेंट अनुसार.’ तार करताना शब्दागणिक पैसे पडायचे तेव्हाही लोक यापेक्षा सढळ हाताने लिहीत असतील. प्रॉडक्शन हेड गोंदियाचे, मोठे रुबाबदार. त्यांनी अपघाताच्या अहवालाचं आत्मचरित्र करून टाकलं होतं: ‘मैंने सदैव उत्पादन को सर्वोपरि रखा है. लंबे मोल्ड बॉक्स के लिए क्रेन में हाइट सेटिंग बरसात से पहले ही करवा ली गई थी, जिससे उत्पादन बढ़ा.’ आणि एचआर मॅनेजरांचा भाग म्हणजे साक्षात प्रवचन. त्यात क्रेनचं ‘उत्थापक यंत्र’ झालं होतं, ऑपरेटरचा ‘संबंधित कर्मचारी’ झाला होता आणि शेवटी लिहिलं होतं, ‘संबंधित कर्मचारी द्वारा सुरक्षा उपकरण से छेड़छाड़ की गई.’

हे शेवटचं वाक्य साधं नव्हतं. कंपनीच्या नियमांत सुरक्षा उपकरणाशी छेडछाड म्हणजे सरळ नोकरीतून काढणे. ‘बायपास’ला, ‘अरेंजमेंट’ला, ‘हाइट सेटिंग’ला नियमांत कुठलीच शिक्षा नव्हती, कारण ते शब्दच तिथे नव्हते.

माझ्या कामाचे नियम साधे आहेत. एका वस्तूला एक नाव, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सगळीकडे एकच काळ, एकच सूर. ‘मैं’ नको, प्रवचन नको. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, शब्द मी बदलेन, मजकूर नाही. अर्थाला धक्का लागणार असेल तर ज्याने लिहिलं त्याला विचारायचं. म्हणून मी एक तक्ता केला: डावीकडे वस्तू, मधे चौघांनी वापरलेले शब्द, उजवीकडे माझी सूचना. तो चौघांना पाठवला.

उत्तरं आली. चौघांनाही तक्ता फार आवडला. चौघांनीही बाकीच्या तिघांचे शब्द बदलायला आनंदाने परवानगी दिली.

सुरक्षा अधिकारी म्हणाले, “मैडम, ‘पाया गया’ मत हटाइए. यही तो तटस्थता है.” एचआर मॅनेजर म्हणाले, “‘क्रेन’ तो अंग्रेज़ी शब्द है, रिपोर्ट की गरिमा का सवाल है.” मी म्हटलं, “सर, शेडमध्ये उभं राहून ‘उत्थापक यंत्र हटाओ’ असं ओरडून बघा, कोण हलतं ते.” ते हलले नाहीत, पण क्रेन मला मिळाली. चार क्रेनची एक क्रेन झाली. अर्धी लढाई जिंकल्याच्या आनंदात मी त्या दिवशी जुनवानीला घरी जाताना गरम गरम समोसे घेऊन गेले.

दुसरी अर्धी अडली त्या वायरपाशी. तक्त्यात त्या रांगेत चार शब्द होते: बायपास, टेम्पररी अरेंजमेंट, हाइट सेटिंग, छेडछाड. मला शंका येत होती की या चार गोष्टी नसून एकच आहे. उंच बॉक्ससाठी हुक जास्त वर न्यायचा, तर आड येतो तो लिमिट स्विचच. पण शंकेवर एकाच नावाची मोहर उठवायची नसते. वेगळ्या वस्तू असतील आणि मी त्यांना एक करून टाकलं, तर अहवाल सुबक होईल आणि खोटाही होईल. आणि वस्तू एकच असेल, तर ऑपरेटरने त्या दिवशी जी छेडछाड केली म्हणून लिहिलंय, ती बरसातीच्या आधीपासून तिथेच होती.

मी इंजिनियरकडे गेले. “ही रिक्वायरमेंट कुणाची?”

तो छताकडे बघायला लागला. “मैडम, रिक्वायरमेंट तो रिक्वायरमेंट होती है.”

“आणि हाइट सेटिंग म्हणजे?”

“वो प्रोडक्शन वालों की भाषा है.”

प्रॉडक्शन हेडना विचारलं, तर ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही कावून एवढं खोदून राहिल्या? कॉमा-बिमा पाहा ना. हाइट सेटिंग तं अलग गोष्ट आहे, ते आमचं इंप्रूव्हमेंट आहे.” एचआर मॅनेजरांना म्हटलं, छेडछाड नक्की कशाला म्हणताय? ते म्हणाले, “जो पाया गया, उसी को.” म्हणजे पुन्हा ते मांजराचं पिल्लू.

आठवडाभर मी या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. प्रत्येकजण आपापला शब्द कुशीत घेऊन बसला होता. त्यातली खुबी मला उशिरा कळली. शब्द वेगळे होते म्हणून चौघंही सुखात होते. एकाच वायरचे चार तुकडे करून प्रत्येकाने आपापल्या सोयीचा तुकडा आपल्या परिच्छेदात पुरला होता. कुणी खोटं असं लिहिलंच नव्हतं! फक्त चारही पानं एकमेकांशी बोलत नव्हती. आणि त्या मधल्या जागेत टपरीवरचा माणूस अडकला होता.

शेवटी मी चौघांना मीटिंग रूममध्ये बसवलं. चहा मागवला. मीटिंगची नोंद घ्यायचं कामही माझ्याकडेच होतं. नाटकाचा पडदा उघडण्याआधी घंटा होते, तसा चमच्याने कप वाजवला.

“एका वस्तूला एकच शब्द, हा नियम सगळ्यांना मान्य?”

“मान्य,” चौघं म्हणाले. नियम सगळ्यांनाच मान्य असतात.

मी इंजिनियरकडे वळले. “आता फक्त एवढंच सांगा. तुम्ही पॅनल उघडलं तेव्हा लिमिट स्विचवर आडव्या वायरी किती होत्या?”

“एक,” तो म्हणाला. वायरी मोजायला कुणाची भीती? “एक ही तो थी, मैडम.”

“सुरक्षा साहेबांना बायपास अवस्थेत सापडली ती कुठली?”

“वही.”

“आणि एचआर साहेबांची?”

“अब एक ही है तो वही होगी,” एचआर मॅनेजर वैतागून म्हणाले. “इसमें बहस क्या है? एक वस्तु, एक शब्द. सब जगह ‘छेड़छाड़’ कर दीजिए. कड़ा शब्द है, मालिक को अच्छा लगेगा.”

मी प्रॉडक्शन हेडकडे पाहिलं. ते मोबाइलवर काहीतरी वाचत होते. “हो, हो, करून टाका,” म्हणाले. “आता संपवा हे, मले शेडमध्ये जायचं आहे.”

“सर्वानुमते?”

“सर्वानुमते.”

मग मी लॅपटॉपवर बदल केला. काही गडबड होऊ नये म्हणून एकेक जागा बघून केला, आणि नियमाप्रमाणे बदललेली वाक्यं मोठ्याने वाचायला लागले. आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखी, संथ, स्वच्छ. सुरक्षा अधिकाऱ्यांचं वाचलं, ते मान हलवत राहिले. इंजिनियरचं वाचलं: “रिक्वायरमेंट अनुसार पैनल में छेड़छाड़ की गई.” इंजिनियर चहात बुडाला. मग पान उलटलं.

“प्रोडक्शन विभाग,” मी वाचलं. “लंबे मोल्ड बॉक्स के लिए क्रेन में छेड़छाड़ बरसात से पहले ही करवा ली गई थी, जिससे उत्पादन बढ़ा.”

मोबाइल टेबलावर आदळला. प्रॉडक्शन हेड उभे राहिले, त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता, आणि ते सगळ्यांसमोर, सुरक्षा अधिकाऱ्यांसमोर, एचआरसमोर, मीटिंगची नोंद घेत असलेल्या माझ्यासमोर ओरडले:

“छेडछाड कायची बे? माह्या ऑर्डरवर लावली आहे ते वायर, मी सोता उभा राहून लावून घेतली!”