उजव्या टोकाची बाई

इंदूरच्या लोकमान्यनगरात वसुधाताई म्हटलं की लोक आधी त्यांचं अक्षर आठवतात. एका मराठी शाळेच्या ऑफिसात त्यांनी नोकरी केली आणि दरवर्षी वर्गाच्या ग्रुप फोटोखाली नावं लिहायचं काम हक्काने स्वतःकडे ठेवलं. बसलेले डावीकडून, उभे डावीकडून. एखादा पोरगा ऐन क्लिकच्या वेळी मान फिरवून अर्धा कान तेवढा देऊन गेला असला, तरी त्या कानावरून बाई त्याचं नाव लिहीत, आणि बरोबर लिहीत. सराफ्याच्या खाऊगल्लीत टिक्की खाताना बाप्या झालेला कुणी जुना विद्यार्थी नमस्कार करायचा आणि या त्याला वर्ग, तुकडी, रांग सांगायच्या.

अशा बाईला काचबिंदू झाला. झाला तो झाला, तिने तो लपवला. इलाज उशिरा झाले, आता उजेड आणि सावली एवढंच उरलं होतं. मुलगी अमेरिकेत, तिला माहीत होतं आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या सुरुचीला. बाकी नातलगांना बाईंनी पत्ताच लागू दिला नाही. बिचारी वसुधा, असं कुणी म्हणावं, हे त्यांना सोसवणारं नव्हतं. मोबाइल बोलून दाखवतो, त्यामुळे घराण्याच्या ग्रुपवर शुभेच्छा वेळेवर जायच्या आणि कुणाला शंका यायची नाही.

आता मंजिरीचं सांगायला हवं. मंजिरी ही त्यांची धाकटी बहीण, महूला राहणारी. आईच्या तेराव्याला चार माणसांत वसुधाताई तिला म्हणाल्या, "तू तर पाहुण्यासारखी आलीस आणि पाहुण्यासारखी चाललीस." मंजिरी तशीच उठली आणि पुन्हा कधी त्या घरात आली नाही. वर्षं गेली. नातलग शहाणे, त्यांनी वाद मिटवण्याऐवजी एक रीत पाडून घेतली, की एकीसमोर दुसरीचं नाव काढायचं नाही. सगळे ती इतकी कसोशीने पाळत, की दोघी बहिणी एकमेकींच्या गावातून गेल्या तरी कुणी अवाक्षर काढत नसे.

मागच्या माघात महूला अच्युतच्या मुलाची मुंज झाली. अच्युत म्हणजे मावसबहिणीचा मुलगा. वसुधाताई गेल्या नाहीत. गुडघ्याचं कारण दिलं. खरं कारण मंजिरी येणार हे होतं, आणि आपण तिच्यासमोर चाचपडत चालणार, हेही.

दुसऱ्या दिवशी अच्युतने ग्रुपवर फोटो टाकला. खाली ना नाव, ना गाव. वसुधाताईंना एकच गोष्ट हवी होती. मंजिरी आली होती का, आणि कशी आहे. विचारायचं कुणाला? ज्याला विचारावं तो म्हणणार, अखेर पाझर फुटला म्हणायचा. फोनमधला एआय मदतनीस बरा, तो चुगली करत नाही. त्यांनी त्याला फोटो दाखवला.

त्याने छान सांगितलं. मधे मुंडावळ्या बांधलेला मुलगा, मागे झेंडूच्या माळा, उभी असलेली पुरुष मंडळी. पुढे खुर्च्यांवर बायका, टोकाच्या दोघी सोडल्या तर सगळ्या तरुण. डाव्या टोकाला हिरवी नऊवारी नेसलेल्या, हसणाऱ्या वयस्क बाई. उजव्या टोकाला जांभळ्या साडीतल्या एक बाई, अंगाने फार कृश, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला.

"यातली मंजिरी कोणती?" बाईंनी विचारलं. "माझी बहीण आहे. आमच्या दोघींचं नाक सारखं."

"नुसत्या चेहऱ्यावरून कोण आहे, हे मी सांगत नाही," तो म्हणाला. "फोटोत कुठे नाव लिहिलेलं असतं तर वाचून दाखवलं असतं. तुम्हीच सांगितलंत की अमुक बाई म्हणजे मंजिरी, तर तसं धरून वर्णन करीन. पण ते खरं आहे का, याची ग्वाही मला देता येणार नाही."

"अरे भिया," बाई थेट इंदुरी वळणावर गेल्या, "मी काय चोर आहे का?"

"नाही. तुम्ही बहिणीची चौकशी करताय. पण उद्या कुणी रस्त्यावरच्या अनोळखी बाईचा फोटो काढून हेच विचारेल, आणि तुमच्यात नि त्याच्यात मला फरक करता येणार नाही. ज्यांनी फोटो पाठवला त्यांना विचारा ना. ते तिथे होते, ते खात्रीने सांगतील."

बाईंना राग आला. आयुष्यभर आपण जे चुटकीसरशी केलं ते हा एवढा हुशार करत नाही म्हणजे काय! संध्याकाळी सांवेर रोडवरच्या कारखान्यातून सुरुची आली, तेव्हा त्यांनी नाव-गाव वगळून तिच्यापाशी गाऱ्हाणं केलं. सुरुची चपला काढता काढता थांबली.

"मावशी, सही तो है. आमच्या बसमधे एक जण रोज माझा फोटो काढायचा. मी झापला त्याला. पण फोटो तर गेलाच ना त्याच्याकडे. त्याला फोनने माझं नाव सांगितलं असतं, तर तो सीधा इथे गेटवर उभा राहिला असता." मग म्हणाली, "तुम्ही फोटो पाठवणाऱ्यालाच विचारा ना. एक फोन की तो बात है."

"विचारीन," वसुधाताई म्हणाल्या.

विचारलं नाही. त्यांनी स्वतःच निकाल लावून टाकला. मंजिरी गोलमटोल, केस असे की एका मुठीत वेणी मावू नये. ती रुमालवाली कृश बाई कुठली मंजिरी? हिरवी नऊवारी तर मंजिरी मेली तरी नेसणार नाही. म्हणजे आली नाही. मी असेन म्हणून आली नाही. अजून तेवढाच ताठा. बरं झालं आपण फोन केला नाही ते.

चैत्र संपता संपता अच्युतचा फोन आला. मंजिरी गेली. कर्करोग होता, दीड वर्षं. कुणाला सांगू नका म्हणाली होती, आणि वसुधाताईंना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. रीत होती ना.

"पण वसुमावशी, तू फोटो पाहिलास ना मुंजीचा?" अच्युतचा आवाज रागाचा नव्हता, त्यानेच ते जास्त लागलं. "तिला बसवत नव्हतं. फोटोसाठी हट्टाने बसली. मला म्हणाली, ग्रुपवर टाक, वसू एका नजरेत ओळखेल, मग तिला राहवणार नाही. रोज विचारायची, वसूचा फोन आला का?"

वसुधाताईंनी त्याला डोळ्यांचं तेव्हा सांगितलं.  तो एवढंच म्हणाला, "तिला हे माहीत असतं तर ती गाडी करून आली असती गं."

फोन ठेवल्यावर त्यांनी तो फोटो पुन्हा उघडला. "उजव्या टोकाची ती मंजिरी आहे," त्या म्हणाल्या. "माझी बहीण. आता सांग."

"तुम्ही सांगता तसं धरून सांगतो," तो म्हणाला. "मंजिरीताई खुर्चीत ताठ बसल्या आहेत. दोन्ही हात मांडीवर."

"बघतेय कुठे?"

"बाकी बहुतेक जण मुलाकडे बघताहेत. मंजिरीताई सरळ समोर, फोटो पाहणाऱ्याकडे बघताहेत."