पंधरवड्यांची पाठखाजवणी

सुतारमामांना सगळी आळी 'पंधरवडे' म्हणायची. स्टूल असो, पलंग असो की नुसती दाराची कडी, मामांचं उत्तर ठरलेलं: "पंधरा दिवसांत देतो." काम कधी दोन दिवसांत उरके, कधी दोन महिन्यांत, शब्द मात्र पंधरा दिवसांचाच.

हे मामा उतारवयात पाठखाजवण्यांच्या नादी लागले. लाकडी, पाच बोटांच्या, गुळगुळीत. स्वतःच त्या ऑनलाइन विकायला ठेवल्या. दोनशे तयार नग पलंगावर झोपले आणि मामी जमिनीवर. मामींनी बजावलं, "महिनाअखेर पलंग मोकळा झाला नाही, तर ही सगळी बोटं शेगडीत."

मामांनी विक्रीचं ऑनलाइन पान उघडलं. त्या आठवड्यात नऊशे माणसं पान बघून गेली होती आणि घेतल्या होत्या दोघांनी.

"किंमत निम्मी करतो," ते भाचीला म्हणाले. भाची दुकानदारांची ऑनलाइन पानं सांभाळायची.

"थांब मामा, आधी गिऱ्हाईक होऊन बघू." तिने आपल्या फोनवर पान उघडलं. "फोटो छान, म्हणून लोक येतात. किंमत इतरांपेक्षा दहा रुपयांनी कमीच. वर्षभरात घेतलेल्यांनी साडेचार तारे दिलेत. मग अडतंय कुठे?" तिने इतर विक्रेत्यांची पानं उघडली. "हे तीन दिवसांत पोचवतात. हा चार. आणि तू..." ती खो खो हसायला लागली. "अठरा दिवस! पाठ खाजणारा माणूस अठरा दिवस थांबेल का रे?"

"तीन दिवस वाटेतले," मामा म्हणाले.

"आणि बाकीचे पंधरा?"

"माल तयार करायला किती दिवस, असं पान बनवताना विचारलं होतं. मी आपलं खरं ते लिहिलं."

"माल तर पलंगावर पडलाय."

मामा पलंगाकडे बघत राहिले. काखेत कळसा म्हणतात तो हाच. भाचीने पंधराच्या जागी एक लिहिलं आणि किमतीला हातही लावला नाही. मामांना मात्र फार चोरट्यासारखं वाटलं. एका दिवसाचा शब्द त्यांनी जन्मात कुणाला दिला नव्हता.

बघणारे पूर्वीइतकेच आले, पण आता घेऊन जाऊ लागले. मामा रोज सकाळी खोकी बांधत आणि पोचवणाऱ्या माणसाच्या हातात देत. महिना संपायला तीन दिवस असताना शेवटचा नग गेला. मामी पलंगावर पाय पसरून आडव्या झाल्या, आणि मामांना खरोखर भरून आलं.

इतक्यात मामींनी हात मागे नेला. पोचेना.

"अहो, एक द्या ना इकडे. पाठ खाजतेय."

पलंग रिकामा, कोपरा रिकामा. मामांनी घसा साफ केला.

"पंधरा दिवसांत देतो," ते म्हणाले.