दहा काड्यांची जुडी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या आमच्या बाईंचे म्हणेन. त्यांना आम्ही नुसतं 'बाई' म्हणायचो, आणि आजही त्या माझ्यासाठी बाईच आहेत. डिंभ्याच्या धरणात जाळी टाकायला वडिलांना माझा हात लागायचा, त्यामुळे माझी शाळा बुडायची. तेव्हा बाई दोनदा घरी आल्या. दुसऱ्यांदा आल्या त्या दिवशी परतीची एसटी आलीच नाही आणि त्या आमच्याच घरी मासळीचं कालवण जेवून मुक्कामाला राहिल्या. त्यानंतर वडिलांनी मला शाळेच्या वेळेत धरणावर नेलं नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. त्याची सुरुवात त्या मुक्कामापासून झाली असं मी मानतो.

मी आता जुन्नर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेत आहे. दुसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतले शिक्षक महिन्यातून एकदा जमतात तिथे, नमुना पाठ घ्यायची पाळी माझी आली. विषय एकक-दशक. परिषद आमच्याच शाळेत होती आणि पाठ माझ्याच मुलांवर घ्यायचा होता. माझ्या वर्गातली एक मुलगी त्रेचाळीस लिहायला सांगितलं की ४०३ लिहायची. चाळीस आणि तीन, दोन्ही तिला ऐकू यायचे, म्हणून दोन्ही ती पूर्ण लिहायची. तसं लिहिणारी आणखी तिघं-चौघं होती. मुख्याध्यापक स्पष्टच म्हणाले, "काड्यांचा खेळ पुष्कळ झाला, राव. या पाठात जमलं तर ठीक. नाहीतर सोमवारपासून शंभरपर्यंत घोकून घ्यायचं, पाठ होतंय सगळं." मला घोकणं नको होतं. घोकून ती मुलगी ४३ लिहायला लागली असती, पण त्यातला चार म्हणजे किती हे तिला कधीच कळलं नसतं.

रविवारी पिशवी घेऊन मी कळंबला बाईंकडे गेलो. निवृत्तीनंतर त्या तिथेच राहतात. पिशवीत आइस्क्रीमच्या काड्या होत्या, दहा-दहा काड्या डिंकाने चिकटवून केलेले वीस सुबक गठ्ठे. बाईंनी एक उचलला आणि नखाने काडी सोलून काढायला लागल्या.

"हे सुटत का नाही रे?"

"चिकटवलेत, बाई. मुलं रबर काढतात, पसारा होतो."

"म्हणजे बत्तीसमधून सात काढायचे झाले तर पोरांनी काय कोयता आणायचा?"

 बाई हसल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या. तिथूनच बोलत राहिल्या. "गठ्ठा त्यांनी स्वतः बांधायचा. स्वतः सोडायचा. एक गठ्ठा आणि दहा सुट्ट्या काड्या एकच, हे हाताला कळू दे आधी. मग मणी. एका दोऱ्यात दहा. नोटा एकदम शेवटी."

"नोटा का शेवटी? त्या तर मुलं रोज बघतात."

"दहाची नोट सोडून बघ. निघतात का आत दहा रुपये?"

मग आम्ही वहीत पाठ लिहून काढला. आधी काड्या बांधणं. मग तक्त्यावर डावीकडे दशकाच्या घरात गठ्ठे, उजवीकडे एककाच्या घरात सुट्ट्या. प्रत्येक घरात किती आहेत तेवढाच एक अंक खाली लिहायचा. मग तीस, म्हणजे सुट्टी एकही नसताना एककाच्या घरात शून्य का लिहायचं ते. निघताना बाईंनी विचारलं, "तुझ्या वर्गातली पोरं घरी काय करतात?"

"शेती," मी म्हणालो. "सगळ्यांची शेतीच आहे."

बाईंनी वही माझ्या पिशवीत ठेवून दिली. मला त्यांचा प्रश्न कळंब सुटेपर्यंतही लक्षात राहिला नाही.

पाठाच्या दिवशी मागच्या सतरंजीवर पंधरा-सोळा शिक्षक बसले होते. मी खराट्याच्या काड्या सारख्या लांबीच्या तोडून आणल्या होत्या. चार गटांना त्रेचाळीस-त्रेचाळीस, स्वतः दोनदा मोजून. "दहा-दहाचे गठ्ठे बांधा," म्हणालो. बाकीची मुलं "एक, दोन, तीन" करत होती तोवर त्या मुलीचं बांधून झालं. काय हात चालत होते तिचे! मूठ भरायची, बुडखे जमिनीवर आपटून सारखे करायचे, रबराचे दोन वेढे. चार जुड्या, सगळ्या दिसायला एकसारख्या. मी भर पाठात तिला शाबासकी दिली.

मग तक्ते भरले. तीन गटांचे चार गठ्ठे, तीन सुट्ट्या. तिचे चार गठ्ठे आणि एककाच्या घरात शून्य.

"तुला कमी दिल्यात काड्या," शेजारचा मुलगा म्हणाला.

"माज्याबी चार, तुज्याबी चार. तुलाच सरांनी तीन जास्त दिल्यात!" ती उसळली. "सर, ह्यो लबाड हाय."

मागून एक शिक्षक म्हणाले, "हिला मंचरच्या बाजारात बसवा, सर. लई फास्ट हाय." सगळे हसले. मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत होते.

मी तिच्याजवळ बसलो. "तू मोजल्यास का गं?"

"जुडी कुठं मोजत्यात, सर? मेथीची जुडी मुठीनं बांधायची. आई म्हणती मोजत बसलं तर बाजाराची गाडी जाईल."

तेव्हा बाईंचा तो प्रश्न मला आठवला. तिच्या घरी रोज पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधतात, हे मला वर्षभरात कळलं नव्हतं. माझा हात जुडीकडे गेला होता, सोडून मीच मोजून दाखवावी म्हणून. पण ते काडी सोलणारं बाईंचं नखही डोळ्यांसमोर आलं. मी हात मागे घेतला. "तूच सोड."

तिने सोडल्या. पहिलीत नऊ. दुसरीत अकरा. तिसरीत बारा, चौथीत अकरा. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जास्तीच्या चार बाजूला काढल्या, त्यातली एक पहिल्या जुडीत घातली आणि चारही पुन्हा बांधल्या. सतरंजीवर तीन उरल्या.

"हिथंच व्हत्या की!" ती ओरडली. "जुडीत लपल्या व्हत्या."

तिने शून्य पुसून तीन लिहिलं. ४३. मधे शून्य नाही. मग मी त्रेचाळीसमधून पाच मागितल्या. तिने तीन सुट्ट्या दिल्या, न विचारता एक जुडी सोडली आणि आणखी दोन दिल्या. तीन जुड्या, आठ सुट्ट्या. मागे आता कोणी हसत नव्हतं, कारण ती सगळ्या गटांत फिरून प्रत्येकाची जुडी सोडून मोजायला लागली होती आणि शेजारचा मुलगा आपल्या जुड्या छातीशी धरून बसला होता. मुख्याध्यापक जाताना एवढंच म्हणाले, "खराटा नवीन घ्यावा लागेल शाळेला." घोकण्याचा सोमवार आला नाही.

त्या संध्याकाळी मी बाईंना पत्र लिहिलं. फोन करता आला असता, पण त्यांना सगळं लिहूनच सांगावंसं वाटलं.

'आदरणीय बाई,

सा. न. पाठ झाला. चिकटवलेले वीसही गठ्ठे मी पाण्यात भिजवून सोडले, अजून वाळताहेत.

मुलं घरी काय करतात, हे तुम्ही विचारलं होतं आणि मी "शेती" म्हणालो. ते उत्तर चुकीचं होतं. एकीच्या घरी मेथीच्या जुड्या बांधतात, मुठीने, न मोजता. तिच्यामुळे पाठ बुडणार होता आणि तिच्यामुळेच तरला. बाकीच्यांच्या घरी काय करतात, ते या आठवड्यापासून संध्याकाळी जाऊन बघणार आहे. तुम्ही आमच्या घरी आला होता, तेव्हा असंच काही बघत होतात का?

कळंबला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे या पत्रासोबत एक जुडी पाठवतो आहे. तिनेच बांधली आहे. दहा आहेत असं तुम्हाला कळवतो, असं मी तिला म्हणालो, पण ती म्हणाली, "बाईंना सोडून मोजायला सांगा."

तुमचा विद्यार्थी'